विश्लेषण : पुस्तकावर किंवा सत्यघटनेवर चित्रपट काढताना निर्माता नेमके काय विकत घेतो?

‘थ्री इडियट्स’ २५ डिसेंबर २००९ रोजी प्रदर्शित झाला आणि आठवडाभरातच त्याच्या श्रेयावरून वाद पेटला. चेतन भगत यांचे म्हणणे होते, की चित्रपटाचा मोठा भाग आपल्या ‘फाइव्ह पॉइंट समवन’ या कादंबरीतून आला आहे, पण आपले नाव मात्र चित्रपट संपल्यावर, प्रेक्षक उठून चालू लागल्यावर, सरकत्या पाट्यांमध्ये दिसते. निर्मात्यांचे म्हणणे होते, की कादंबरीतून घेतलेला भाग अगदी थोडा आहे. चॅनेलांवर दोन्ही बाजूंनी बरेच बोलून झाले. शेवटी बोलला तो कागद. निर्मात्यांनी करार पुढे केला. त्यात लेखकाचे श्रेय सरकत्या पाट्यांमध्ये द्यायचे असे लिहिले होते आणि ते तिथेच दिलेले होते. त्या वेळच्या बातम्यांनुसार लेखकाला ठरल्याप्रमाणे एकूण सुमारे ११ लाख रुपयेही मिळाले होते.

लेखकाला वाईट वाटणे खरे होते आणि निर्मात्याने करार पाळणेही खरे होते. गोंधळ झाला तो सही करताना एका ओळीकडे कोणी नीट न पाहिल्यामुळे. पुस्तकाचे किंवा एखाद्या माणसाच्या आयुष्याचे ‘हक्क घेतले’ असे आपण सहज म्हणतो. पण या दोन व्यवहारांत विकत घेतली जाणारी गोष्ट एक नाही. पुस्तकाच्या बाबतीत निर्माता कायद्याने ओळखलेली मालमत्ता घेतो. सत्यघटनेच्या बाबतीत तशी मालमत्ताच नसते, तरीही पैसे मोजावे लागतात.

पुस्तकाचे हक्क कोणाकडे मागायचे?

पहिली चूक इथेच होते. वाचलेले पुस्तक आवडले, आतल्या पानावर प्रकाशकाचा फोन नंबर सापडला, प्रकाशकाने ‘करून टाकू’ म्हटले आणि व्यवहार झाला. प्रत्यक्षात प्रकाशकाकडे बहुतेक वेळा फक्त छापण्याचे आणि विकण्याचे हक्क असतात. चित्रपटाचे हक्क लेखकाने वेगळे दिले नसतील तर ते लेखकाकडेच राहतात. काही प्रकाशकांच्या छापील करारनाम्यांत ‘सर्व माध्यमांतील हक्क’ असे शब्द असतात, तेव्हा चित्र बदलते. म्हणून लेखक आणि प्रकाशक यांच्यातील मूळ करार मागून वाचणे, हे पहिले काम.

मराठी पुस्तकांत आणखी एक गंमत आहे. कॉपीराइटच्या खुणेपुढे अनेकदा लेखकाचे नाव नसतेच, पत्नीचे असते. कधी मुलांचे असते. आता छापलेल्या नावाने हक्क खरोखर त्या व्यक्तीकडे गेले का? कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते, केवळ पानावर नाव छापल्याने ते होत नाही. घरात तसा कागद असेल तर पत्नीची सही हवी, नसेल तर लेखकाची. जाणता वकील वाद न घालता दोघांच्याही सह्या घेतो.

लेखक हयात नसेल तर मृत्युपत्र पाहायचे. ते नसेल तर सर्व वारस शोधायचे. पुण्यातल्या मुलाने सही दिली आणि न्यू जर्सीतल्या मुलीला कोणी विचारलेच नाही, अशा व्यवहाराचे भूत ट्रेलर आल्यावर बाहेर येते. त्या वेळी सही न केलेल्या वारसाची बाजू सर्वांत भक्कम असते, कारण तोवर निर्मात्याचे पैसे अडकलेले असतात आणि चित्रपटगृहांच्या तारखा ठरलेल्या असतात.

किती वर्षांनी पुस्तक सर्वांचे होते?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट टिकतो. ही वर्षे मृत्यूच्या दिवसापासून नव्हे, तर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. म्हणजे मोजणी १ जानेवारी १९५१ पासून सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०१० रोजी संपली. त्यामुळे ‘श्यामची आई’वर आज कोणीही, कोणालाही न विचारता चित्रपट काढू शकतो. मात्र १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर जो चित्रपट केला, त्यासाठी लिहिलेले संवाद आणि प्रसंग हे वेगळ्या माणसाचे वेगळे लेखन आहे. मूळ पुस्तक मोकळे झाले म्हणून तेही मोकळे झाले असे समजू नये. पुस्तकाच्या एखाद्या अनुवादाचेही तसेच. अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो.

उलट उदाहरण ‘छावा’चे. शिवाजी सावंत २००२ साली गेले, म्हणजे त्यांच्या कादंबरीवरचा हक्क २०६२च्या अखेरपर्यंत आहे. संभाजी महाराजांच्या इतिहासावर कोणाची मालकी नाही. बखरी, पत्रे आणि इतिहासाची साधने वाचून कोणीही पटकथा लिहावी. पण कादंबरीकाराने कल्पनेने उभे केलेले प्रसंग, पात्रांचे बोलणे, घटनांची गुंफण ही त्याची निर्मिती. ती वापरायची तर परवानगी हवी. २०२५च्या ‘छावा’ चित्रपटाने कादंबरीचे श्रेय उघडपणे दिले आहे.

करारातल्या कोणत्या ओळी गाळल्या तर महागात पडतात?

कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये, करारात काही गोष्टी लिहायच्या राहिल्या तर काय समजायचे, हे आधीच ठरवून ठेवले आहे. हे नियम लेखकाच्या बाजूने झुकलेले आहेत आणि ते तसेच असायला हवेत, असे माझे मत. निर्मात्याकडे वकील असतो, लेखकाकडे बहुधा नसतो.

मुदत लिहिली नाही तर हस्तांतर ५ वर्षांसाठीच आहे असे मानतात. प्रदेश लिहिला नाही तर ते फक्त भारतापुरते मानतात. म्हणजे दोन ओळी विसरल्या तर सहाव्या वर्षी चित्रपट ओटीटीवर दाखवण्याचा हक्क शंकास्पद होतो. आणि दुबईत किंवा अमेरिकेत, जिथे मराठी चित्रपटांचे खेळ लागतात, तो पहिल्या दिवसापासूनच शंकास्पद असतो.

तिसरा नियम सर्वांत घातक आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. घेतलेला हक्क एक वर्षाच्या आत वापरला नाही तर तो आपोआप संपतो. करारात वेगळे काही लिहिले असेल तरच तो टिकतो. आता चित्रपटाचा प्रवास आठवा. पटकथेला आठ-दहा महिने, पैसे उभे करायला वर्ष-दीड वर्ष, नटांच्या तारखा जुळायला आणखी काही महिने. एका वर्षात कॅमेरा सुरू होणे हा अपवादच. म्हणून ‘एक वर्षाच्या आत वापर न केल्यास हक्क संपण्याचा नियम या कराराला लागू नाही’ अशा अर्थाचे वाक्य करारात हवेच. लेखकाने मात्र त्याच्यासोबत आपलेही एक वाक्य मागावे : अमुक वर्षांत चित्रीकरण सुरू झाले नाही तर हक्क परत माझ्याकडे येतील. नाहीतर कादंबरी कपाटात आणि हक्क दुसऱ्याच्या कपाटात, अशी अवस्था वर्षानुवर्षे राहते. हे नियम हस्तांतराप्रमाणेच परवान्यालाही लागू होतात. त्यामुळे ‘आम्ही हक्क विकत घेतले नाहीत, नुसती परवानगी घेतली’ असे म्हणून सुटका होत नाही.

माध्यमाचेही तसेच आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर करारात जे माध्यम नावाने लिहिलेले नाही आणि करार झाला तेव्हा जे व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क दिले गेले असे मानता येत नाही. म्हणून चित्रपट, वेबमालिका, दुसऱ्या भाषेतील पुनर्निर्मिती, पुढचा भाग आणि डबिंग यांचा एकेक करून उल्लेख व्हावा. मराठी चित्रपटाचे हक्क घेणाऱ्याला हिंदी वेबमालिकेचे हक्क आपोआप मिळत नाहीत.

पूर्ण पैसे देण्याआधी पुस्तक राखून ठेवता येते का?

येते. त्याला ‘ऑप्शन’ म्हणतात. घर घेताना बयाणा देतो, साधारण तसे. समजा कादंबरीची किंमत १० लाख रुपये ठरली. निर्माता १ लाख रुपये देऊन १ जानेवारी २०२६ पासून १८ महिने ती राखून ठेवतो. ही मुदत ३० जून २०२७ रोजी संपते. तोपर्यंत लेखकाने ती दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. निर्मात्याने त्या काळात पटकथा लिहून घ्यायची आणि पैसे उभे करायचे. जमले तर ३० जूनच्या आत लेखी कळवून उरलेले ९ लाख द्यायचे आणि हक्क आपल्या नावावर करून घ्यायचे. नाही जमले तर लेखकाचा १ लाख लेखकाकडे राहतो आणि कादंबरी मोकळी होते. आणखी १२ महिने हवे असतील तर वेगळी रक्कम द्यायची. ती किमतीतून वजा होणार की नाही, हे आधीच लिहायचे. हॉलिवूडमध्ये ही राखीव रक्कम किमतीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे ठरावीक दर नाही, ज्याची त्याची घासाघीस.

इथे तीन गोष्टी बिघडतात. एक, किंमत ठरवलेलीच नसते. ‘पुढे परस्परसंमतीने ठरवू’ असे लिहिलेले असते. पटकथा चांगली उतरली की लेखकाची अपेक्षा वाढते आणि निर्मात्याच्या हातात संमती नसतेच. दोन, तारीख चुकते. ३० जूनला फोनवर ‘आपले पक्के’ म्हटले, पण लेखी पत्र आणि पैसे जुलैत गेले. तोवर मुदत संपलेली असते. तीन, मुदत संपल्यावर हातात उरलेली पटकथा. ती निर्मात्याने पैसे देऊन लिहून घेतलेली असली तरी तिच्यावर चित्रपट करता येत नाही, कारण तिच्या पोटात दुसऱ्याची कादंबरी आहे. आणि लेखकालाही ती पटकथा घेऊन दुसऱ्या निर्मात्याकडे जाता येत नाही. दोघांची अर्धी-अर्धी वस्तू दोघांकडे पडून राहते.

हक्क घेतल्यावर कथा हवी तशी बदलता येते का?

या प्रश्नाचे सर्वांत उपयोगी उत्तर एका हिंदी कादंबरीच्या खटल्यात आहे. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीचे चित्रपटासाठीचे हक्क दिले गेले आणि त्यावर ‘समय की धारा’ हा चित्रपट तयार झाला. कादंबरी घटस्फोटित आईबापांमध्ये भरडल्या जाणाऱ्या मुलाची. लेखिकेच्या मते चित्रपटाने तिचा आत्माच बदलला होता. त्या न्यायालयात गेल्या. निर्मात्यांचे म्हणणे सरळ होते : आम्ही हक्क घेतले आहेत, बदल करण्याची मुभा घेतली आहे.

दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली जे सांगितले ते आजही उद्धृत होते. कॉपीराइट विकल्यावरही कलम ५७ खाली लेखकाचा एक खास हक्क त्याच्याकडे उरतो. आपल्या कृतीची मोडतोड होत असेल तर तो हरकत घेऊ शकतो. करारातली बदलाची मुभा या हक्काच्या आत राहूनच वाचावी लागते. माध्यम बदलताना आवश्यक ते बदल होणारच, हेही न्यायालयाने मान्य केले. पण आवश्यक बदल आणि मूळ आशयाची मोडतोड यांत फरक आहे. त्या प्रकरणात शेवटी तडजोड झाली आणि चित्रपट लेखिकेच्या व कादंबरीच्या नावापासून वेगळा करण्यात आला. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली. आता बदलामुळे लेखकाच्या प्रतिष्ठेला किंवा लौकिकाला बाधा येते हे दाखवावे लागते. नुसते ‘मला आवडले नाही’ पुरत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की ‘लेखकाची कोणतीही तक्रार राहणार नाही’ हे वाक्य लिहून निर्माता निर्धास्त होऊ शकत नाही. त्याऐवजी कोणते बदल अपेक्षित आहेत ते लिहावे : काळ बदलणार, शेवट बदलणार, दोन पात्रांचे एक होणार. लेखकाला पटकथा वाचायला दिली जाईल का, किती दिवसांत त्याने मत द्यायचे, मत नाकारल्यास त्याला आपले नाव काढून घेता येईल का, हेही लिहावे. आणि नाव राहणार असेल तर कुठे : सुरुवातीला की शेवटी, स्वतंत्र पाटीवर की सरकत्या यादीत, अक्षरांचा आकार कोणाच्या नावाइतका, पोस्टरवर की नाही. ‘थ्री इडियट्स’नंतर तरी कोणी लेखकाने ‘योग्य श्रेय दिले जाईल’ एवढ्यावर सही करू नये. योग्य म्हणजे काय, यावरच तर भांडण होते.

सत्यघटनेवर मालकी नसेल तर पैसे कशाचे?

घडलेल्या घटनेवर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ‘आर. जी. आनंद’ खटल्यात हे स्पष्ट केले आहे. एका नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट उचलल्याचा तो दावा होता. न्यायालयाने सांगितले, की कल्पना, विषय, ऐतिहासिक किंवा पौराणिक तथ्ये यांवर कोणाचा हक्क नसतो. हक्क असतो तो मांडणीवर. त्यामुळे वर्तमानपत्रात आलेल्या, न्यायालयात सिद्ध झालेल्या घटनेवर चित्रपट काढायला घटनेचे ‘हक्क’ लागत नाहीत.

लागते ती माणसाची संमती, आणि तीही कुठवर, हे १९९४च्या राजगोपाल निकालाने ठरवले. तामिळनाडूतील ‘ऑटो शंकर’ या कैद्याचे आत्मचरित्र एका नियतकालिकाने छापावे की नाही, असा तो वाद होता. न्यायालयाचा निष्कर्ष असा : सार्वजनिक नोंदींमध्ये, उदाहरणार्थ न्यायालयाच्या कागदपत्रांत, जे आहे ते संमतीशिवाय लिहिता येते. त्यापलीकडे जाऊन माणसाचे घर, लग्न, मुले असे खासगी आयुष्य मांडले तर संमती लागते, नाहीतर भरपाईचा दावा होऊ शकतो.

म्हणजे जिवंत माणसाशी केलेला ‘जीवनकथेचा करार’ हा मालमत्तेचा व्यवहार नसून मुख्यतः तीन गोष्टींची खरेदी असते. तो खटला करणार नाही, हे वचन. तो मोकळेपणाने बसून सांगेल, पत्रे आणि फोटो देईल, ही सोय. आणि तो दुसऱ्या निर्मात्याला हे सगळे देणार नाही, हा शब्द. यांतली दुसरी गोष्ट पटकथाकारासाठी सोन्याची असते. बातमीत ‘पतीने विरोध केला’ एवढे असते. त्या रात्री जेवणाच्या ताटावर काय झाले हे ती बाईच सांगू शकते.

संमती घेतली म्हणजे सगळे झाले, असेही नाही. ‘बँडिट क्वीन’च्या वेळी फूलन देवी स्वतः दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. माला सेन यांचे पुस्तक होते, फूलन देवींनी तुरुंगात असताना दिलेला मजकूर होता, करारही होता. तरी त्यांचे म्हणणे होते, की पडद्यावर जे दाखवले, विशेषतः अत्याचाराची दृश्ये, त्याला आपण संमती दिली नव्हती. न्यायालयाने अंतरिम मनाई दिली आणि नंतर तडजोड होऊन प्रकरण मिटले. कशाला संमती आणि कशाला नाही, हे करारात जितके मोघम, तितका धोका मोठा. आयुष्याचा कोणता काळ, कोणते प्रसंग, नाव खरे ठेवणार की बदलणार, काल्पनिक भर किती, हे त्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून लिहून घ्यावे. इंग्रजी करारावर अंगठा घेतला तर त्याची किंमत तेवढीच राहते.

माणूस हयात नसेल तर?

इथे न्यायालयांची भूमिका निर्मात्यांना बरीच मोकळीक देणारी आहे. सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर आलेल्या चित्रपटाविरुद्ध कुटुंबाने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये न्यायालयाने स्थगिती नाकारली. खासगीपणाचा हक्क त्या व्यक्तीबरोबरच संपतो, तो वारशाने जात नाही आणि चित्रपट सार्वजनिक झालेल्या माहितीवर आहे, हा त्यामागचा विचार.

‘गंगूबाई काठियावाडी’ हुसेन झैदी यांच्या ‘माफिया क्वीन्स ऑफ मुंबई’ या पुस्तकावरचा. गंगूबाईंचा दत्तक मुलगा असल्याचे सांगणाऱ्या व्यक्तीने आव्हान दिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. नाते प्रथमदर्शनी सिद्ध झालेले नाही, हे त्याचे एक कारण होते. निकाल निर्मात्यांच्या बाजूने गेला खरा, पण प्रदर्शनाच्या आदल्या दिवसापर्यंत वकिलांच्या खोलीत बसण्याची वेळ आली, हेही लक्षात घ्यावे. म्हणूनच अनेक निर्माते कायद्याने गरज नसतानाही मृत व्यक्तीच्या कुटुंबाशी करार करतात.

पुस्तकावरून सत्यकथा काढताना आणखी एक पेच असतो. पत्रकाराने एखाद्या जिवंत अधिकाऱ्यावर पुस्तक लिहिले, निर्मात्याने पत्रकाराकडून हक्क घेतले. पण पत्रकार फक्त आपली मांडणी विकू शकतो, अधिकाऱ्याचे आयुष्य विकू शकत नाही. अधिकाऱ्याने पुस्तकासाठी मुलाखत दिली होती, चित्रपटासाठी नाही. अशा वेळी दोन्ही करार लागतात. शिवाय पत्रकाराकडून त्याच्या नोंदवह्या आणि ध्वनिमुद्रणे पाहण्याचा हक्क घ्यावा, कारण उद्या बदनामीचा दावा झाला तर ‘हे खरे आहे’ याचा पुरावा तिथेच असतो.

‘झुंड’ प्रकरणात नेमके काय अडले?

एका गोष्टीत अनेक माणसे असतात, आणि प्रत्येकाला वाटते की ती गोष्ट आपली आहे. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल शिकवला. त्यावर नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ केला, अमिताभ बच्चन मुख्य भूमिकेत. चित्रपट तयार झाला तेव्हा हैदराबादचे एक चित्रपटकार पुढे आले. बारसे यांच्या हाताखाली घडलेल्या एका खेळाडूच्या जीवनकथेचे हक्क आपण आधीच घेतले आहेत, त्यावरची आपली कथा नोंदवली आहे आणि हा खेळाडू ‘झुंड’मध्येही आहे, असा त्यांचा दावा.

सप्टेंबर २०२० मध्ये तेलंगणातील न्यायालयाने प्रदर्शनाला स्थगिती दिली. ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने ती उठवण्यास नकार दिला आणि वर्षाअखेर सर्वोच्च न्यायालयातही लगेच दिलासा मिळाला नाही. चित्रपट अखेर ४ मार्च २०२२ रोजी पडद्यावर आला. त्या काळात करोनामुळे सगळेच अडले होते, त्यामुळे उशिराचा सगळा दोष खटल्यावर टाकता येणार नाही. पण एका तयार चित्रपटावर महिनोनमहिने टांगती तलवार राहिली.

कायद्याच्या पुस्तकात ‘जीवनकथेवर कॉपीराइट नाही’ हे वाक्य कितीही ठळक असले, तरी अंतरिम स्थगितीच्या टप्प्यावर न्यायालय ते अखेरपर्यंत तपासत बसत नाही. समोर सहीचा करार आणि नोंदवलेली कथा असेल, तर प्रश्न सुनावणीसाठी उभा राहतो. निर्मात्याला अंतिम निकालात जिंकण्याचा उपयोग कमी, कारण त्याचे नुकसान तारीख चुकण्यात असते. म्हणून मुख्य व्यक्तीची सही घेतली की काम संपले असे मानू नये. पटकथा झाल्यावर ती हातात घेऊन प्रत्येक ओळखता येणाऱ्या पात्रापुढे खूण करावी : हा माणूस कोण, हयात आहे का, त्याची सही आहे का, त्याने याआधी कोणाला काही लिहून दिले आहे का? हा शेवटचा प्रश्न थेट विचारावा आणि उत्तर करारात घ्यावे. गरीब घरातल्या खेळाडूला किंवा कार्यकर्त्याला पूर्वी कोणी पाच-दहा हजार देऊन कसल्यातरी कागदावर सही घेतलेली असते, आणि तो कागद काय होता हे त्याला आठवतही नाही. सही मिळत नसेल तर पात्र गाळावे, किंवा तीन माणसांचे एक काल्पनिक पात्र करावे. नुसते नाव बदलून भागत नाही. गाव, व्यवसाय आणि प्रसंग तेच असतील तर लोक ओळखतातच.

हे सगळे तपासायचे कसे?

उद्योगात याला हक्कांची साखळी म्हणतात. लेखकापासून निर्मात्यापर्यंत प्रत्येक हस्तांतराचा कागद, मध्ये एकही कडी न तुटता. ओटीटी कंपन्या चित्रपट घेताना हा गठ्ठा मागतात आणि एक कडी नसेल तर पैसे थांबवतात. पटकथालेखकांच्या संघटनेत कथा नोंदवल्याची पावती त्यात असते, पण ती पावती मालकीचा दाखला नव्हे. अमुक तारखेला हा मजकूर अमुक व्यक्तीकडे होता, एवढाच तो पुरावा. निर्मात्यांच्या संघटनेत चित्रपटाचे नाव नोंदवल्यानेही कथेचे हक्क मिळत नाहीत. या दोन पावत्या दाखवून ‘हक्क आमच्याकडे आहेत’ म्हणणारे बरेच भेटतात.

मुंबईतील वकील आणखी एक जुना मार्ग वापरतात, तो म्हणजे जाहीर नोटीस. वर्तमानपत्रात आणि चित्रपट व्यवसायाच्या साप्ताहिकात छापायचे, की आमचे पक्षकार अमुक लेखकाच्या अमुक कादंबरीचे चित्रपटाचे हक्क घेत आहेत, कोणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कागदपत्रांसह कळवावे. याने दुसऱ्याचा खरा हक्क बुडत नाही. पण नोटीस वाचूनही गप्प राहिलेला माणूस दोन वर्षांनी प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात न्यायालयात आला, तर इतके दिवस कुठे होता, हा प्रश्न त्याला विचारता येतो. नोटीस उरलेले पैसे देण्याआधी छापायची, नंतर नाही. हरकत आलीच, तर तेव्हा निर्मात्याचे फक्त ऑप्शनचे लाखभर रुपये गुंतलेले असतात.